लिप्यंतर कीबोर्ड, इमोजी आणि मिश्र लिपीतले मराठी संदेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटवणाऱ्यांना जे प्रश्न पुन्हापुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने अँड्रॉइड फोनवरील जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डची, म्हणजे भाषांच्या यादीत "abc → मराठी" असा दिसणारा आराखडा निवडल्यावरची आहेत. इतर लिप्यंतर कीबोर्डांत बटणांच्या जागा आणि सेटिंगची नावे वेगळी असतील, परंतु अडचणींची कारणे बहुतेक सारखीच आहेत.

मी "namaskar" टंकतो आणि "नमस्कार" उमटते. मधल्या काळात नेमके काय घडते?

आपण टंकत असताना शब्द दोन अवस्थांतून जातो आणि या पानावरील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. पहिल्या अवस्थेत शब्द कच्चा असतो. आपण दाबलेली रोमन अक्षरे कीबोर्डने धरून ठेवलेली असतात, त्यांच्याखाली सहसा रेघ दिसते आणि वरच्या सूचनापट्टीत त्या अक्षरांपासून होऊ शकणारे देवनागरी शब्द ओळीने मांडलेले असतात. आपण स्पेसबार दाबला किंवा पट्टीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवले की दुसरी अवस्था येते. रेघ जाते, देवनागरी शब्द संदेशाच्या चौकटीत पक्का बसतो आणि त्यानंतर कीबोर्डच्या दृष्टीने तो कोणत्याही इतर मजकुरासारखाच होतो.

रोमन अक्षरांत मराठीचे सगळे भेद मावत नाहीत, म्हणून पट्टीत एकाच्या जागी अनेक शब्द येतात. "pan" या तीन अक्षरांतून पण, पान, पॅन असे तीन तरी शब्द संभवतात. त्यातला कोणता पुढे ठेवायचा हे कीबोर्ड नेहमीच्या वापरावरून आणि मागच्या शब्दांवरून ठरवतो. इमोजीची सूचनाही याच पट्टीत येते आणि जागेसाठी याच शब्दांशी स्पर्धा करते. ती सूचना कच्च्या रोमन अक्षरांवरून आली की पक्क्या देवनागरी शब्दावरून, हे ओळखता आले की पुढचा बराच गोंधळ मिटतो.

मी सुनेविषयी लिहीत असताना कीबोर्ड सूर्याचे चित्र का सुचवतो?

कारण त्या क्षणी कीबोर्डसमोर "सून" हा शब्द नसून s, u, n ही तीन अक्षरे असतात आणि इंग्रजीत त्यांचा अर्थ सूर्य होतो. बहुतेक जणांच्या फोनवर मराठीबरोबर इंग्रजीही चालू असते. लिप्यंतर आराखड्याला इंग्रजी शब्द ओळखणे भागही आहे, कारण आपण मराठी वाक्यात मीटिंग, रिचार्ज, पार्किंग असे शब्द सर्रास टंकतो. त्यामुळे कच्च्या अवस्थेतल्या अक्षरांचा जोड इंग्रजी शब्दाशी जुळला की त्या शब्दाचे चित्र पट्टीत येऊ शकते.

एक वाक्य सावकाश पाहू. "सूनबाईला ताप आहे, पोट दुखतंय" एवढेच लिहायचे आहे. आपण "sunbaila" टंकायला लागतो. तिसऱ्या अक्षरावर सूर्य डोकावू शकतो आणि चौथे अक्षर पडताच नाहीसा होतो, कारण "sunb" असा इंग्रजी शब्द नाही. पुढे "tap" येथे नळाचे चित्र येण्याची शक्यता असते आणि येथे मात्र शब्द तीन अक्षरांतच संपत असल्याने ते चित्र स्पेस दाबेपर्यंत टिकून राहते. "pot" टंकल्यावर भांडे येऊ शकते. स्पेस दाबून "ताप" पक्का झाला की कीबोर्डला पहिल्यांदा मराठी शब्द दिसतो, आणि तापासाठी तोंडात थर्मामीटर धरलेला चेहरा सुचवायचा असेल तर तो या टप्प्यावर येतो. एकाच शब्दाला आधी नळ आणि मग थर्मामीटर, असा क्रम दिसला तर कीबोर्ड बिघडलेला नाही. त्याने शब्दाच्या दोन अवस्था दोन भाषांत वाचल्या आहेत.

असे फसवे जोड मराठीत पुष्कळ आहेत. हातासाठी "hat", गुणांसाठी "gun", लांबसाठी "lamb" आणि मुगासाठी "mug" टंकणाऱ्यांना टोपी, पिस्तूल, कोकरू आणि पेला भेटू शकतात. दीर्घ स्वर दुहेरी अक्षरांनी टंकण्याची सवय असेल, म्हणजे "taap", "haat", "soon", तर यांतले बरेच जोड टळतात आणि देवनागरी शब्दही अधिक अचूक येतात. अर्थात "soon" हाही इंग्रजी शब्दच आहे. तेव्हा हा उपाय पूर्ण नाही, आणि सूनबाईंची सुटका "suun" टंकल्यावरच होते.

शब्द देवनागरीत पक्का झाल्यावरही भलतेच चित्र येते. तेथे तर इंग्रजी नसते?

तेथे मराठीतली अनेकार्थी शब्दांची अडचण येते. इमोजींना प्रत्येक भाषेत नाव आणि शोधशब्द देण्याचे काम, संगणकावरील अक्षरांना आणि चित्रांना क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या प्रकल्पात चालते आणि त्यात मराठीचीही यादी आहे. कीबोर्ड बनवणारे अशा याद्यांचा आधार घेतात आणि त्यात स्वतःची भर घालतात. साध्या पद्धतीत शब्द यादीत शोधला जातो आणि सापडला की चित्र पुढे केले जाते. मागेपुढे काय लिहिले आहे ते त्यात धरले जातेच असे नाही.

त्यामुळे "माझे नाव" लिहिल्यावर होडी आली तर ती चूक म्हणता येत नाही, कारण नाव म्हणजे होडीही आहेच. "आता बस" या वाक्यातल्या "बस"साठी एसटीची आठवण करून देणारे चित्र येणे, किंवा पुस्तकाच्या पानासाठी झाडाचे पान येणे, हा त्यातलाच प्रकार. मागचे शब्द वाचून अंदाज बांधणारे कीबोर्ड या बाबतीत बरे असतात. तरी मराठीपुरते बोलायचे तर चित्र डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्यावर बोट ठेवू नये, असे माझे मत आहे.

"पाऊस" लिहिल्यावर ढगाचे चित्र येते, मग "पावसात" लिहिल्यावर का येत नाही?

हा प्रश्न मला या सगळ्यांत सर्वात मराठी वाटतो. इंग्रजी नाम वाक्यात बहुधा आहे त्याच रूपात राहते. फार तर शेवटी एक s लागतो. मराठी नाम मात्र प्रत्यय लागण्यापूर्वी आपले रूपच बदलते, ज्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. पाऊस हा पावसात, पावसाने, पावसाचा असा होतो. फूल हे फुलांचा होते आणि दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. घोडा घोड्यावर जातो, माणूस माणसाला भेटतो. शोधशब्दांच्या यादीत बहुधा "पाऊस", "फूल", "घोडा" अशी मूळ रूपे असतात, आणि अक्षरे जशीच्या तशी जुळवणाऱ्या पद्धतीला "पावसात" हा पूर्णपणे निराळा शब्द वाटतो.

स्वतःच्या फोनवर याची परीक्षा दोन मिनिटांत घेता येते. कोणालाही न पाठवता एका कोऱ्या टिपणात "घर", "घरी", "घरात", "घराला" हे शब्द एकेक करून टंकावेत, प्रत्येक शब्दानंतर स्पेस द्यावी आणि पट्टी पाहावी. मग हेच "पाऊस" आणि "फूल" या शब्दांसाठी करावे. "घर" आणि "घरात" दोन्हींना चित्र आले, परंतु "पाऊस"ला आले आणि "पावसात"ला आले नाही, तर आपला कीबोर्ड शब्दाचा फक्त सुरुवातीचा भाग जुळवून पाहतो असा अंदाज बांधता येतो. सामान्यरूप त्याला उलगडत नाही. अशा वेळी इमोजीच्या फलकातील शोधचौकटीतही मूळ रूपच लिहावे. "फुले" लिहून काही सापडले नाही तर "फूल" लिहून पाहावे, आणि तेही दीर्घ लिहून.

इमोजीवर बोट ठेवले आणि लिहिलेला शब्दच गेला. असे का झाले?

शब्द कच्चा असताना पट्टीतील कोणतीही गोष्ट निवडणे म्हणजे "या अक्षरांच्या जागी हे घाल" असे सांगणे होय. पट्टीत "नमस्कार" आणि हात जोडलेले चित्र शेजारीशेजारी असतील, आपण चित्र निवडले, तर काही कीबोर्ड त्याला नमस्काराचा पर्याय समजतात आणि शब्द टाकून देऊन फक्त चित्र ठेवतात. शब्दही हवा आणि चित्रही हवे, अशी आपली इच्छा त्यांना कळण्याचा मार्ग नसतो.

क्रम बदलला की हे टळते. आधी स्पेस देऊन शब्द देवनागरीत पक्का करावा, मग चित्र निवडावे. अशा वेळी ते शब्दाच्या पुढे बसते. इमोजीचा पूर्ण फलक उघडण्यापूर्वीही हीच सवय ठेवावी, कारण शब्द कच्चा असताना फलक उघडला तर कीबोर्डला त्या अक्षरांचे काय करायचे हे घाईने ठरवावे लागते आणि "namaskar 🙏" असा अर्धा रोमन संदेश तयार होऊ शकतो.

पूर्वी आम्ही :P किंवा xD लिहीत होतो. आता त्याचे ":प" आणि "क्षड"सारखे काहीतरी होते.

विरामचिन्हाने कच्चा शब्द संपतो आणि त्यानंतरचे अक्षर नवा शब्द मानले जाते, म्हणून :P मधल्या P चा प होतो. xD मध्ये तर दोन्ही अक्षरेच आहेत आणि लिप्यंतरात x म्हणजे बहुधा "क्ष" किंवा "क्स" असे धरलेले असते. हीच गत "lol" ची होते, आणि "लोल" हा आता गटागटांत इतका रुळला आहे की तो चुकून उमटला की मुद्दाम लिहिला, हे सांगता येत नाही. जुन्या पद्धतीची चिन्हे हवीच असतील तर ग्लोबचे बटण दाबून इंग्रजी आराखड्यावर जावे, चिन्ह टंकावे आणि परत यावे.

आमच्या गटात निधनाच्या संदेशाखाली हसणारा चेहरा येतो. ही कीबोर्डची चूक आहे का?

अंशतः. आमच्या सोसायटीच्या गटात एका आजोबांच्या निधनाची बातमी आली आणि त्याखाली एका वयस्कर काकूंनी "फार वाईट झाले" लिहून पुढे 😂 हे चित्र तीनदा लावले. त्यांना बिचाऱ्यांना डोळ्यांतले पाणी तेवढे दिसले होते. संध्याकाळी त्यांच्या मुलाने दुरुस्ती केली, परंतु तोवर गटात पुरेशी शांतता पसरली होती.

येथे दोन कारणे एकमेकांत मिसळतात. 😂 या चित्राचे मूळ नावच आनंदाश्रू ढाळणारा चेहरा असे आहे, आणि 😭 हा मोठ्याने रडणारा चेहरा आहे. दोघांच्याही शोधशब्दांत अश्रूंचा उल्लेख असल्याने अश्रूंवरून शोध घेतला तर दोन्ही पुढे येऊ शकतात. शिवाय सूचनापट्टीत आणि फलकाच्या सुरुवातीला आपण वारंवार वापरलेली चित्रे आधी दिसतात, आणि 😂 हे जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चित्रांपैकी आहे. पट्टीतली चित्रे लहान असतात. डोळ्यांवरचा चष्मा आणि पट्टीतला आकार यांचे जमत नसेल, तर शोकसंदेशात पट्टीवरची सूचना न घेता फलक उघडून चित्र शोधणे, किंवा "भावपूर्ण श्रद्धांजली" एवढे लिहून थांबणे, हे अधिक सुरक्षित आहे.

मराठी वाक्यात एखादा शब्द रोमन लिपीतच ठेवायचा असेल तर?

पट्टीत देवनागरी पर्यायांच्या बरोबरीने आपण टंकलेला रोमन शब्दही बहुधा जसाच्या तसा दिलेला असतो. स्पेस न देता त्यावर बोट ठेवले की तो रोमनमध्ये पक्का होतो. ईमेलचा पत्ता, पासवर्ड किंवा संकेतस्थळाचे नाव लिहिताना मात्र या पट्टीवर विसंबू नये आणि आधीच इंग्रजी आराखड्यावर जावे.

खरी अडचण येते ती प्रत्ययांची. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून लिहितात, आणि रोमन शब्दाला "ला", "चा", "मध्ये" हे व्यंजनाने सुरू होणारे प्रत्यय लागले तर दिसायला थोडे विचित्र, पण वाचायला ठीक असे "officeला", "officeमध्ये" तयार होते. परंतु ज्या रूपाची सुरुवात मात्रेने होते, ते रोमन अक्षराला जोडताच येत नाही. "ऑफिसात" या शब्दातला ा हा स च्या अंगावर बसलेला आहे, त्याला स्वतंत्र अस्तित्व नाही. कोणी "office" रोमनमध्ये ठेवून पुढे "ात" चिकटवले तर मात्रेला बसायला व्यंजन मिळत नाही आणि बहुतेक फोन तेथे ठिपक्यांचे वर्तुळ दाखवतात. इमोजीच्या बाबतीतही हेच घडते. "❤ला" चालते, पण "❤ात" लिहिले की वर्तुळ येते, कारण चित्र हे व्यंजन नाही. लिप्यंतर कीबोर्डवर "at" असे वेगळे टंकले तर तो मात्रेऐवजी स्वतंत्र स्वर घेऊन "आत" देतो, म्हणून तेथे "officeआत" असे वाचायला अडखळवणारे रूप दिसते.

तेव्हा नियम म्हणून नव्हे, पण सोय म्हणून सांगतो. रोमन शब्दानंतर "मध्ये", "ला", "साठी", "वर" असे पूर्ण अक्षराने सुरू होणारे रूप घ्यावे, आणि "ात" हवाच असेल तर मूळ शब्दही देवनागरीत लिहावा. नेहमीचे शब्द, जसे ऑफिस, बँक, स्टेशन, हे लिप्यंतर कीबोर्ड प्रत्ययासह ओळखतात आणि "officemadhye" टंकल्यावर बहुधा "ऑफिसमध्ये" मिळते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांत तो रोमन स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचायला लागतो आणि मग तो शब्द उच्चाराप्रमाणे, म्हणजे "ofis" असा टंकलेला बरा.

एकच बॅकस्पेस, पण तो कधी एक अक्षर पुसतो, कधी मात्रा आणि कधी अख्खे चित्र. यात काही नियम आहे का?

आहे, आणि तो पुन्हा कच्च्या-पक्क्या अवस्थेचाच आहे. शब्द कच्चा असताना बॅकस्पेस एक रोमन अक्षर पुसतो आणि पट्टीतले देवनागरी पर्याय बदलतात. शब्द पक्का झाल्यावर तो मागून एकेक देवनागरी घटक काढतो. "नमस्कार" मधून आधी र जातो, मग का चा ा जातो, मग क, मग स खालचा पाय मोडणारे चिन्ह. म्हणजे डोळ्यांना चार अक्षरे दिसणारा हा शब्द पुसायला सात वेळा दाबावे लागते. इमोजी मात्र, ते आतून कितीही घटकांचे बनलेले असले तरी, आजच्या फोनवर सामान्यतः एका फटक्यात जाते.

कुटुंबाचे चित्र पाठवले की काही ठिकाणी तीन वेगळी माणसे दिसतात, आणि त्याच ठिकाणी "दऱ्या" चे "दर्या" होते. यांचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि तो अनपेक्षित आहे. दोन्ही ठिकाणी एकच अदृश्य चिन्ह हरवलेले असते. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक U+200D आहे. त्याला रुंदी नाही, आणि शेजारच्या दोन चिन्हांचा जोड कसा दिसावा हे सांगण्याचे काम ते करते.

👨‍👩‍👧 हे कुटुंबाचे चित्र पुरुष, स्त्री आणि मुलगी या तीन चित्रांचे बनलेले असून त्यांच्यामध्ये दोनदा हे चिन्ह असते. चिन्ह काढले की 👨👩👧 अशी तिघे सुटी उभी राहतात. मराठीत "दऱ्या", "दुसऱ्या", "आचाऱ्यांना" या शब्दांतला र पुढच्या य ला जोडताना डोक्यावर रफार होऊन बसत नाही, तर पापणीसारख्या आडव्या रेघेने जोडला जातो. हे रूप लिहिण्याच्या दोन रीती चालू आहेत. एका रीतीत साधा र, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग U+200D आणि मग य असतो. दुसऱ्या रीतीत खाली टिंब असलेला ऱ हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात आणि अदृश्य चिन्हाची गरजच पडत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते वेगळे वाटतात, हे पायथन या संगणकभाषेत असे पाहता येते.

```
a = "दुसर\u094d\u200dया"
b = "दुस\u0931\u094dया"
print(len(a), len(b), a == b)
```

याचे उत्तर `8 7 False` असे येते. पहिल्यात आठ घटक, दुसऱ्यात सात, आणि दोन्ही शब्द समान नाहीत.

आता काही संकेतस्थळांचे अर्ज आणि काही जुन्या प्रणाली मजकूर "स्वच्छ" करताना सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकतात. तसे झाले की कुटुंब फुटते आणि पहिल्या रीतीने लिहिलेला र रफार होतो. "सह्याद्रीच्या दऱ्या" लिहिणाऱ्याचा "सह्याद्रीच्या दर्या" होतो, म्हणजे दऱ्यांचा समुद्र होतो, आणि लग्नाच्या निमंत्रणात "आचाऱ्यांना सांगावे" याचे "आचार्यांना सांगावे" होऊन स्वयंपाकाचा निरोप भलतीकडेच जातो. ऱ वापरून लिहिलेला शब्द या सफाईतून सुखरूप बाहेर पडतो.

आपला कीबोर्ड कोणती रीत वापरतो हे संगणकाशिवायही कळते. "दऱ्या" टंकून शब्द पक्का करावा आणि बॅकस्पेस मोजावेत. आ ची मात्रा, य, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग ऱ, मग द, अशा पाच दाबांत शब्द संपला आणि उरताना खाली टिंब असलेला ऱ दिसला, तर आपण दुसऱ्या रीतीत आहात. शेवटी उरणाऱ्या र खाली टिंब नसेल तर पहिल्या रीतीत. अशा वेळी एखाद्या अर्जात नाव किंवा पत्ता भरल्यावर तो जतन झालेला मजकूर पुन्हा उघडून वाचून घ्यावा.

चित्राऐवजी रिकामी चौकट दिसते. हेही तेच कारण का?

नाही. ते चित्र त्या फोनला माहीतच नसते. पणती 🪔, रिक्षा 🛺, साडी 🥻 आणि मंदिर 🛕 ही चित्रे युनिकोडच्या 2019 मधील 12.0 या आवृत्तीत आली, म्हणून त्याआधीच्या आणि अद्ययावत न केलेल्या फोनवर दिवाळीच्या शुभेच्छांतली पणती चौकट होऊन पोहोचू शकते. संदेश व्हॉट्सॲपसारख्या स्वतःची चित्रे बाळगणाऱ्या ॲपमध्ये उघडला तर तीच पणती नीट दिसते.

साध्या एसएमएसमध्ये एक इमोजी घातले तर खर्च वाढतो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि सोसायटीच्या किंवा शाळेच्या सूचना एकगठ्ठा एसएमएसने पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. संपूर्ण मजकूर रोमन लिपीत असेल, म्हणजे "Udya pani yenar nahi" असा, तर एका एसएमएसमध्ये 160 चिन्हे मावतात. मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर किंवा एक जरी इमोजी आले तर पूर्ण संदेश दुसऱ्या संकेतपद्धतीत जातो आणि ही मर्यादा 70 वर येते. संदेश एकाहून अधिक तुकड्यांत गेला तर जोडणीच्या माहितीसाठी जागा लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात रोमनमध्ये 153 आणि दुसऱ्या पद्धतीत 67 चिन्हे उरतात.

समजा रोमन लिपीतली सूचना 150 चिन्हांची आहे. ती एका एसएमएसमध्ये जाते. शेवटी सौजन्य म्हणून एक स्पेस आणि 🙏 जोडले. हे चित्र दोन चिन्हांची जागा घेते, म्हणून बेरीज 153 झाली. आता मर्यादा 67 ची, आणि दोन तुकड्यांत 134 च मावतात, त्यामुळे तीन एसएमएस लागतात. तीनशे सभासदांना पाठवायचे असेल तर तो नमस्कार सहाशे जादा एसएमएस घेऊन जातो. सूचना मुळात देवनागरीतच असेल तर मर्यादा आधीच 70 ची असते आणि नमस्काराने फक्त दोन चिन्हे वाढतात. देवनागरीत मोजताना मात्रा आणि पाय मोडण्याची चिन्हेही वेगळी धरली जातात, म्हणून "नमस्कार" हा शब्द सात चिन्हांचा भरतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांना हा हिशेब लागू नाही.

जुना संदेश शोधताना तो सापडत का नाही?

शोध सहसा अक्षरे जुळवतो, उच्चार जुळवत नाही. "उद्या येतो" हा संदेश "udya" लिहून सापडत नाही आणि उलटही नाही. मिश्र लिपीत लिहिणाऱ्या गटात एकच गोष्ट दोन लिपींत शोधावी लागते, आणि "दुसऱ्या" सारख्या शब्दासाठी तर देवनागरीतही दोनदा. अशा शब्दाचा सुरुवातीचा "दुस" एवढाच भाग शोधणे सोपे पडते, कारण फरक त्यापुढे सुरू होतो.

दृष्टिहीन वाचकांना आमचे मिश्र संदेश कसे ऐकू येतात?

पडदा वाचणारे टॉकबॅकसारखे साधन इमोजीचे नाव उच्चारते, आणि एकच चित्र पाच वेळा लावले तर ते पुन्हापुन्हा ऐकावे लागू शकते. रोमन लिपीतले मराठी इंग्रजी आवाजात वाचले गेले की "to ala" हे "तो आला" असे ऐकू येत नाही. ज्या गटात असे सभासद आहेत तेथे मराठी मजकूर देवनागरीत लिहिणे आणि चित्र वाक्याच्या मध्ये न घालता शेवटी एकदाच ठेवणे, एवढे पुरते.

इमोजीच्या सूचना बंद केल्या तर लिप्यंतरावर परिणाम होतो का?

होत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये टंकताना इमोजी सुचवण्याचा पर्याय वेगळा असतो. तो बंद केला की पट्टीत देवनागरी पर्यायांना एक जागा जास्त मिळते आणि फलकातून चित्रे निवडता येतातच. ज्यांचा हात भरभर चालतो आणि पट्टीवर चुकीचे बोट पडते, त्यांनी तो बंदच ठेवावा.

संगणकावरही हाच अनुभव येतो का?

विंडोज 10 च्या मे 2019 च्या आवृत्तीपासून मराठीसाठी ध्वनिआधारित कीबोर्ड उपलब्ध आहे आणि तेथेही रोमन अक्षरे टंकून यादीतला देवनागरी शब्द निवडायचा असतो. इमोजीचा फलक विंडोजचे बटण आणि पूर्णविराम एकत्र दाबून उघडतो. फोनवरची शिस्त येथेही उपयोगी पडते. टंकलेल्या शब्दाखालची रेघ जाईपर्यंत थांबावे, शब्द देवनागरीत बसला हे पाहावे, आणि मगच फलक उघडावा.